चिखलाचे रंगीत थर : चार बाटल्यांचा एक प्रयोग

तळ्याच्या काठचा चिखल काठीने ढवळला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, हे खेड्यातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. तो चिखल वरून तपकिरी, पण बोटभर खाली काळा असतो, हेही पुष्कळांनी पाहिलेले असते. परंतु तो वास कोठून येतो, तो काळेपणा कशाचा, आणि असाच चिखल पारदर्शक बाटलीत भरून उजेडात ठेवला असता त्यावर काही आठवड्यांनी जांभळे व हिरवे पट्टे का उमटतात, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. यंदा नववीच्या विद्यार्थ्यांसमवेत आम्ही या प्रश्नांचा पाठपुरावा केला. आम्ही स्वतः भाषेचे शिक्षक. तरीही ज्या प्रयोगास चिखल, रद्दी आणि फळ्याचे खडू एवढीच सामग्री लागते, त्यात भाग घेण्यास आम्हांस संकोच वाटला नाही.

या प्रयोगास विनोग्राद्स्कीचा स्तंभ म्हणतात. सेर्गेई विनोग्राद्स्की यांचा जन्म 1856 साली कीव्ह येथे झाला. स्ट्रासबुर्ग येथे संशोधन करीत असता त्यांनी गंधकाच्या झऱ्यांत वाढणाऱ्या पांढऱ्या धाग्यांसारख्या जीवाणूंचा अभ्यास केला. त्या धाग्यांच्या आत गंधकाचे चकचकीत कण दिसत. धागे नुसत्या पाण्यात ठेवले की ते कण हळूहळू नाहीसे होत, आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, असलेले पाणी दिले की ते पुन्हा भरून येत. यावरून त्यांनी 1887 साली असे मांडले, की हे जीव त्या वायूचा प्राणवायूशी संयोग घडवून त्यातूनच आपल्या जीवनाची शक्ती मिळवितात. चिखलातील जीव एकेकटे वेगळे काढण्याऐवजी, चिखलाचेच एक लहानसे जग काचेच्या भांड्यात उभारावे आणि कोणता जीव कोठे वस्ती करतो ते पाहावे, ही त्यांची पद्धत होती. आमच्या बाटल्या म्हणजे त्याच पद्धतीची शालेय आवृत्ती होय.

आम्ही दोन लिटरच्या चार स्वच्छ, रंगहीन प्लॅस्टिकच्या बाटल्या घेतल्या आणि त्यांचे निमुळते गळे कापून टाकले. प्रत्येक बाटली सुमारे 23 सेंटिमीटर उंचीची राहिली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तळ्याच्या काठावरून, पाण्याखालील वरचा तपकिरी थर बाजूस सारून, त्याखालचा काळा चिखल दोन बादल्या भरून आणला. खडे, काड्या, शिंपले आणि गांडुळे वेचून काढली. मग त्यात तळ्याचेच पाणी घालून तो आंबोळीच्या पिठाइतका सैल केला. ढवळताना एक गोष्ट मुलांच्या ध्यानी आली : हवा लागताच काळा चिखल राखाडी होऊ लागला. ही खूण पुढे आमच्या उपयोगी पडणार होती.

चिखलात आम्ही तीन वस्तू मिसळल्या. पहिली वस्तू वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाचे बारीक कपटे. कागद म्हणजे बहुतांशी सेल्युलोज, आणि तेच चिखलातील जीवांचे अन्न. दुसरी वस्तू तीन खडूंची पूड. आपल्याकडील फळ्याचा खडू हा पुष्कळदा नावाचाच खडू असतो. तो जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा, बनवितात. आम्हांस हवे होते तेही सल्फेटच. तिसरी वस्तू एका अंड्याच्या कवचाचे चूर्ण. ते खरे कॅल्शियम कार्बोनेट असून चिखल फार आंबट होऊ देत नाही. या दोहोंतील भेद लिंबाच्या रसाने कळतो : कवचाच्या चूर्णावर थेंब टाकताच ते फसफसते, जिप्समच्या खडूवर काहीच होत नाही. ज्यांचा खडू फसफसेल, त्यांनी तो कवचाच्या जागी वापरावा आणि सल्फेटासाठी जिप्सम निराळे आणावे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची कोरडी पूड मात्र चिखलात थेट ओतू नये. तिचा दगड होऊन बसतो.

या तीन वस्तू मिसळलेला चिखल बाटलीच्या तळाशी सुमारे 7 सेंटिमीटर भरला. त्यावर काहीही न मिसळलेला चिखल 9 सेंटिमीटर, त्यावर तळ्याचे पाणी 4 सेंटिमीटर, आणि वर 3 सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली. प्रत्येक थर घालताना सळईने टोचून आणि बाटली हलकेच आपटून हवेचे बुडबुडे काढले, कारण आत अडकलेला प्रत्येक बुडबुडा म्हणजे प्राणवायूचे एक बेट असते. तोंडावर पातळ प्लॅस्टिक रबराने बसवून त्याला टाचणीने भोके पाडली. झाकण घट्ट लावणे धोक्याचे आहे; आत वायू निर्माण होतो आणि त्यास बाहेर पडावयास वाट हवी.

चार बाटल्यांत भेद असा ठेवला. पहिलीत वरीलप्रमाणे सर्व काही होते. दुसरी तंतोतंत तशीच, परंतु तिच्याभोवती काळ्या कागदाचे दुहेरी आवरण गुंडाळले. तिसरीत कागद व कवच घातले, खडू मात्र घातला नाही. चौथीत तळ्याचा चिखल नव्हताच. ती खाजनातील गाळाने आणि तेथल्याच पाण्याने भरली, आणि तिच्यातही खडू घातला नाही. नदीच्या मुखाजवळ बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीस गोव्यात खाजन म्हणतात, हे दूरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. तेथल्या पाण्यात समुद्राचा अंश असतो, आणि समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट विरघळलेले असते. तळ्याच्या गोड्या पाण्यात ते फारच थोडे असते. खाजनाच्या गाळास खडूची गरज भासणार नाही, असा आमचा अंदाज होता.

चारही बाटल्या उत्तरेकडील खिडकीत ठेवल्या. थेट ऊन लागले तर बाटली तापते आणि प्रयोग बिघडतो. परंतु दिवसभर उजेड हवाच. खिडकी नसेल तर दिवा चालतो, पण आताचे पांढरे एलईडी दिवे या कामी उणे पडतात. जांभळे जीवाणू आपल्या डोळ्यांस न दिसणारा, तांबड्यापलीकडचा प्रकाश मोठ्या प्रमाणात वापरतात, आणि तो सूर्यप्रकाशात भरपूर असला तरी त्या दिव्यांत जवळजवळ नसतो.

आठव्या दिवशी खाजनाची बाटली तळापासून काळी होऊ लागली. तेराव्या दिवसापर्यंत पहिली बाटली तळाशी काळी झाली. दुसरीचे आवरण अंधाऱ्या खोलीत क्षणभर उघडून मंद उजेडात पाहिले, तो तीही तितकीच काळी. तिसरी, खडू नसलेली, राखाडीच राहिली. तिच्यात इकडेतिकडे काळे ठिपके एवढेच दिसत होते.

या काळेपणाची कथा अशी. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट मंद गतीने तो पाण्यात पसरतो. चिखलाच्या पृष्ठभागावरील जीव येणारा प्राणवायू तेथेच वापरून टाकतात, म्हणून काही मिलिमीटर खाली तो पोहोचतच नाही. अशा ठिकाणी प्राणवायूविना जगणारे जीवाणू कागदाचे सेल्युलोज फोडतात आणि त्यापासून साधी आम्ले व हायड्रोजन बनवितात. मग दुसऱ्या जातीचे जीवाणू पुढे येतात. आपण श्वासासाठी प्राणवायू वापरतो, त्या जागी ते सल्फेट वापरतात, आणि आपल्या उच्छ्वासातून कर्बवायू निघतो तसा त्यांच्याकडून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. हा वायू चिखलातील लोहास भेटला की काळे आयर्न सल्फाइड तयार होते. तळ्याच्या चिखलाचा काळा रंग तो हाच. हवा लागताच त्याचे विघटन होते, म्हणून ढवळताना आमचा चिखल राखाडी झाला होता.

तेव्हा दुसरी बाटली अंधारातही काळी झाली, यात नवल नाही; सल्फेटावर श्वास घेणाऱ्यांस प्रकाश लागत नाही. तिसरी काळी झाली नाही, कारण तिच्यात सल्फेट तुटपुंजे होते. आणि चौथी खडूविना सर्वांत आधी काळी झाली, कारण तिचे सल्फेट समुद्राने आधीच पुरविले होते. वायूची आणखी एक परीक्षा आम्ही केली. घासून लख्ख केलेली चांदीची तार प्लॅस्टिकच्या आवरणाखाली टांगली. पहिल्या व चौथ्या बाटलीतील तारा काही दिवसांत काळवंडल्या. येथे नाकावर विसंबू नये. या वायूच्या सान्निध्यात घ्राणशक्ती बधिर होते, आणि वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे मुळीच नव्हे.

तेविसाव्या दिवशी चौथ्या बाटलीच्या भिंतीवर द्राक्षाच्या रसासारखे जांभळट डाग दिसले. तिसाव्या दिवशी पहिल्या बाटलीत, तळापासून 11–12 सेंटिमीटर उंचीवर, तसेच डाग उमटले. बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ते एकमेकांस मिळून तुटक पट्टा झाला, त्याच्याखाली शेवाळी हिरवा थर आला, आणि चिखलाच्या वरच्या कडेशी तांबूस-नारिंगी छटा दिसू लागली. पुस्तकातील चित्रांत हे थर आखल्यासारखे सरळ असतात. प्रत्यक्षात ते ठिगळांसारखे असतात, कारण चिखल सर्वत्र सारखा नसतो. कागदाचा एखादा मोठा कपटा जेथे असेल, तेथे काळेपणा व रंग दोन्ही वर चढलेले दिसतात.

याच सुमारास एका विद्यार्थ्याने शंका काढली. "सर, हे रंग खडूचे किंवा छापाच्या शाईचे तर नसतील ना?" शंका योग्य होती. खडू नसलेली चौथी बाटली रंगली होती, म्हणजे खडूवरील आरोप टिकत नव्हता. परंतु शाई चारही बाटल्यांत होती. निवाड्यासाठी आम्ही दुसरी बाटली उपयोगात आणली. साठाव्या दिवशी तिचे आवरण काढले तेव्हा आत काळा चिखल होता, जांभळा वा हिरवा ठिपका एकही नव्हता. आम्ही पुन्हा आवरण गुंडाळले आणि त्यात तीन बोटे रुंदीची एक उभी खिडकी कापली. पंचविसाव्या दिवशी, म्हणजे पंच्याऐंशीव्या दिवसाच्या नोंदीत, त्या खिडकीपुरताच जांभळा पट्टा उमटला होता. कागद दूर केला तर दोन्ही बाजूंस चिखल पूर्ववत काळा. शाई तर सगळीकडे होती. प्रकाश तेवढा खिडकीत होता. शंका काढणाऱ्या मुलानेच ही नोंद वहीत लिहिली.

या खिडकीने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. तो जांभळा जीव आम्ही कोठूनही आणून पेरला नव्हता. दोन महिने अंधारात तो चिखलात होताच, परंतु इतका विरळ की दिसत नव्हता. प्रकाश आणि हायड्रोजन सल्फाइड ही दोन्ही एकत्र मिळताच तो वाढला. विनोग्राद्स्की यांच्या पद्धतीचे मर्म हेच : परिस्थिती निवड करते, आणि निवडलेला जीव डोळ्यांस दिसेल इतका वाढतो.

आता हिरवा खाली आणि जांभळा वर, हा क्रम का? तळातून हायड्रोजन सल्फाइड वर येतो, आणि वरून प्राणवायू खाली उतरतो. खाली पहिला दाट, वर दुसरा दाट. मध्ये दोन्ही विरळ होत जातात. हिरव्या गंधकजीवाणूंस हा वायू पुष्कळ असलेला सोसतो, मात्र प्राणवायू सोसत नाही, म्हणून ते खाली राहतात. जांभळ्या गंधकजीवाणूंस तोच वायू हवा असतो, पण बेताचा, म्हणून ते त्यांच्या वर. तांबूस-नारिंगी छटेतील जांभळे जीवाणू वेगळ्या गटाचे. ते मुख्यतः खालून येणाऱ्या आम्लांवर प्रकाशाच्या साहाय्याने पोसतात आणि थोडाच सल्फाइड सोसतात, म्हणून सर्वांत वर. खऱ्या सरोवरात प्रकाश वरून येतो, त्यामुळे वरच्यांनी वापरून उरलेला मंद प्रकाश हिरव्यांच्या वाट्यास येतो. बाटलीत मात्र तो बाजूने सर्वांस सारखाच मिळतो; तरीही क्रम तोच राहिला. यावरून बाटलीतील क्रम मुख्यत्वे या दोन वायूंनी ठरविला, असे म्हणता येते.

एक सावधगिरी येथे हवी. चिखल व पाणी यांच्या सीमेवर येणारा गंजासारखा तांबडा रंग पुष्कळदा जीवाणूंचा नसून लोहाच्या गंजाचाच असतो. तो आमच्या अंधारातील बाटलीतही होता. जो तांबडा रंग अंधारात येतो, त्यास प्रकाशजीवी जीवाणूंचा रंग समजू नये. म्हणूनच काळ्या कागदातील बाटलीवाचून हा प्रयोग अपुरा राहतो. तसेच, हे रंग बाटलीच्या भिंतीलगत कागदाइतक्या पातळ थरातच असतात. प्रकाश चिखलात फार तर काही मिलिमीटर शिरतो; बाटलीचा गाभा काळाच राहतो.

आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला तो या जांभळ्या पट्ट्यातून निघणारा पुढील विचार. हे जीव प्रकाशाच्या बळावर कर्बवायूपासून आपले अन्न बनवितात, म्हणजे वनस्पतींचेच काम करतात. पण त्यांच्यापासून प्राणवायू निघत नाही, गंधक निघते. जांभळे गंधकजीवाणू ते कणरूपाने पेशीत साठवितात, हिरवे पेशीबाहेर टाकतात. कोर्नेलिस व्हान नील हे डच शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील प्रयोगशाळेत याच जीवाणूंवर काम करीत होते. त्यांनी 1931 साली दोन क्रिया शेजारी शेजारी मांडल्या. जीवाणूंची क्रिया अशी :

CO₂ + 2H₂S → (CH₂O) + H₂O + 2S

आणि वनस्पतींची अशी :

CO₂ + 2H₂O → (CH₂O) + H₂O + O₂

दोन्ही ओळींत कंसातील पदार्थ म्हणजे तयार झालेले अन्न. पहिल्या ओळीत H₂S मधील हायड्रोजन घेतला जातो आणि गंधक उरते. मग दुसऱ्या ओळीत H₂O मधील हायड्रोजन घेतला जात असेल, तर उरणारा प्राणवायू पाण्यातूनच आला पाहिजे. त्या काळी पुष्कळ विद्वानांची समजूत अशी होती, की वनस्पती कर्बवायू फोडतात आणि त्यातील प्राणवायू बाहेर टाकतात. व्हान नील यांचे अनुमान तिच्याविरुद्ध होते. 1941 साली बर्कली येथे सॅम्युएल रूबेन, मार्टिन केमन व त्यांचे सहकारी यांनी जड प्राणवायू असलेले पाणी हिरव्या शेवाळास देऊन पाहिले, आणि बाहेर पडणाऱ्या प्राणवायूत जड अंशाचे प्रमाण पाण्यातील प्रमाणाशी जुळले, कर्बवायूतील प्रमाणाशी नव्हे. आपण घेतो त्या श्वासातील प्राणवायू प्रकाशसंश्लेषणात पाण्यापासून मोकळा झालेला असतो, हे ज्ञान प्राणवायू न देणाऱ्या, चिखलात राहणाऱ्या जीवांमुळे मिळाले.

प्रयोग फसतो तो बहुधा तीन कारणांनी. कागद फार घातला तर चिखल आंबतो, भरपूर वायू होऊन थर फुटतात आणि वर उचलले जातात. पाणी वाळू दिले तर चिखलात भेगा पडून हवा आत शिरते व काळा भाग पुन्हा राखाडी होतो. म्हणून बाटलीवर पाण्याची रेघ आखून दर आठवड्यास तळ्याचेच पाणी हळूच घालावे. आणि बाटली वारंवार हलविली तर हळूहळू जमलेली वायूंची उतरंड मोडते. चार आठवड्यांत रंग न दिसल्यास निराश होऊन ती ओतू नये. बाटली काळी झाली असेल, तर खालचे काम चालू आहे आणि प्रकाश वाढविणे एवढेच उरले आहे. ती काळीच झाली नसेल, तर सल्फेट कमी पडले असे समजावे.

चिखल हाताळताना हातमोजे घालावेत व नंतर साबणाने हात धुवावेत. बाटल्यांवर वाकून वास घेऊ नये, आणि वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्या रिकाम्या करावयाच्या तेव्हा मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूस उभे राहून, मोठ्यांच्या देखरेखीखाली कराव्यात. आमच्यापैकी तीन बाटल्या फेब्रुवारीच्या अखेरीस अशा रीतीने रिकाम्या झाल्या. खिडकी कापलेली दुसरी बाटली आम्ही राखली आहे. तिची खिडकी आता चिकटवून बंद केली असून दुसऱ्या बाजूस नवी कापली आहे. जुना पट्टा अंधारात किती दिवसांनी विरतो आणि नवा किती दिवसांनी उमटतो, याच्या नोंदी पुढील वर्गाच्या वहीत होतील.